भाड्याच्या घरातील बंद खोली : किल्ली कोणाकडे, जबाबदारी कोणाची?



श्रावणातील मुसळधार पावसाच्या दिवसांत पुण्याहून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले. त्यांच्या यजमानांचे तयार कपड्यांचे दुकान आहे आणि चौदा महिन्यांपासून हे कुटुंब तीन शयनगृहांच्या एका सदनिकेत भाड्याने राहत आहे. मालक वृद्ध गृहस्थ. आयुष्यभर कापडाचा व्यापार करून ते आता आपल्या मूळ गावी स्थायिक झाले आहेत. सदनिका देताना त्यांनी एका शयनगृहात आपले सामान ठेवले, दाराला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःबरोबर नेली. कपाटे, पितळी भांडी, जुन्या वह्या-खतावण्या, मुलीच्या लग्नातील पेट्या, असे सारे त्या खोलीत आहे. त्या वेळी कोणालाच त्यात वावगे वाटले नाही.

पुढे मात्र अडचणी सुरू झाल्या. भगिनी लिहितात, “आम्ही तीन दिवस बाहेरगावी गेलो असता काका मुख्य दाराच्या त्यांच्याकडील किल्लीने आत येऊन गेले, हे शेजाऱ्यांकडून कळले. विचारले तर म्हणाले, माझ्याच खोलीत जायला मला परवानगी कशाची? आता पावसात त्या खोलीला लागून असलेल्या आमच्या भिंतीवर ओल आली आहे, कुबट वास येतो. खोली उघडा म्हटले तर म्हणतात, दिवाळीला येईन तेव्हा पाहू. आम्ही कुलूप तोडावे का? त्या खोलीचे भाडे आम्ही का द्यावे? आणि उद्या आतली एखादी वस्तू हरवली तर आळ आमच्यावर येईल का?”

प्रश्न चार आहेत. काकांनी केव्हाही यावे काय, आपण खोली उघडावी काय, भाडे पूर्ण द्यावे काय आणि आतील वस्तूंची जबाबदारी कोणाची. असे प्रश्न अनेक घरांत उद्भवतात. आपल्या वाचकांत भाडेकरू आहेत तसे सदनिका भाड्याने देणारेही पुष्कळ आहेत, म्हणून त्या भगिनींच्या संमतीने, त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळून, हे उत्तर येथे देत आहे.

बँकेतील माझ्या आयुष्याची बरीच वर्षे किल्ल्या सांभाळण्यात गेली. व्यापारी वाचकांना माल तारण ठेवून घेतलेले कर्ज आणि नजरगहाण कर्ज यांतील भेद ठाऊक असेल. तारणात गोदामाला बँकेचे कुलूप लागते, दारावर बँकेच्या नावाची पाटी लागते आणि आतील माल घटला तर जाब बँकेला द्यावा लागतो. नजरगहाणात माल व्यापाऱ्याच्याच ताब्यात असतो, किल्ली त्याच्याकडेच राहते आणि मालाचा हिशेबही त्यालाच द्यावा लागतो. माल तोच, गोदाम तेच, परंतु किल्ली ज्याच्या हाती, जबाबदारी त्याच्या माथी. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर बंद खोलीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सापडतात.

म्हणून भगिनींच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवली तर ती सांभाळण्याचे उत्तरदायित्व त्या दुसऱ्यावर येते, हा १८७२ च्या करार कायद्यातील निक्षेपाचा नियम आहे. परंतु त्यासाठी वस्तू खरोखर सोपवली गेली पाहिजे. येथे खोलीला मालकाचे कुलूप आहे, किल्ली मालकाकडे आहे, आत काय आहे याची यादी भाडेकरूला दिलेली नाही. तेव्हा त्या वस्तू भाडेकरूच्या ताब्यात आल्याच नाहीत आणि त्या सांभाळण्याचा भारही त्याच्यावर आला नाही. मात्र मालकाने “असू द्या एक किल्ली तुमच्याकडे, कधी लागली तर” असे म्हणून किल्ली दिली आणि आपण भिडेपोटी ती घेतली, तर चित्र पालटते. उद्या पेटीतील चांदीचा तांब्या सापडला नाही तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल. म्हणून अशी किल्ली घेऊ नये. घेणे भागच पडले तर वस्तूंची यादी करून उभयतांनी त्यावर सह्या कराव्यात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ती खोली भाड्याने दिली आहे की नाही, हे कुलपावरून ठरत नाही. ते करारनाम्याच्या शेवटी असलेल्या परिशिष्टावरून ठरते. मिळकतीचे वर्णन, मजला, क्षेत्रफळ हे सारे तेथे लिहिलेले असते. बहुतेक लोक करारातील भाडे, अनामत रक्कम आणि मुदत तेवढी वाचतात आणि परिशिष्ट न वाचता सही करतात. मी भगिनींकडून त्यांच्या करारनाम्याची प्रत मागवली. त्यांच्या परिशिष्टात संपूर्ण सदनिका, चटई क्षेत्र ९०० चौरस फूट, असे लिहिलेले होते. बंद खोलीचा करारात कोठेही उल्लेख नव्हता. करार करून देणाऱ्या मध्यस्थाने नेहमीचा मसुदा भरला आणि दोन्ही पक्षांनी त्यावर अंगठा व सही केली, इतकेच.

परिशिष्टात खोली स्पष्टपणे वगळलेली असेल, तर भाडेकरूचा तिच्यावर काडीमात्र हक्क नाही. तिचा ताबा मालकाकडेच राहिला, असे समजावे. मग कुलूप तोडणे हा उघड अतिक्रमणाचा प्रकार होईल आणि चोरीचा आरोपही ओढवू शकेल. याउलट परिशिष्टात संपूर्ण सदनिका लिहिली असेल, तर कागदोपत्री ती खोलीही भाडेकरूच्या वापरासाठी दिलेली आहे. लेखी दस्तऐवजातील अटींना छेद देणारे तोंडी बोलणे न्यायालय सहसा पुराव्यात घेत नाही. “तेव्हाच सांगितले होते की ही खोली माझी,” हे मालकाचे म्हणणे त्यामुळे दुबळे ठरते.

पण म्हणून भगिनींनी कुलूप तोडावे काय? मुळीच नाही. याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, महाराष्ट्रात आज बहुतेक निवासी करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुज्ञप्तीचे असतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार अनुज्ञप्ती म्हणजे केवळ वापराची परवानगी. तिने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. जुन्या पद्धतीच्या भाडेपट्ट्यात जो स्वतंत्र ताबा मिळतो, तो येथे मिळत नाही. मालकाने कबूल केलेली परवानगी मध्येच नाकारली तर तो कराराचा भंग होतो आणि मोबदला देऊन घेतलेल्या परवान्यातून आपला काही दोष नसताना बाहेर काढले गेल्यास ६४ व्या कलमानुसार भरपाई मागता येते. परंतु कराराचा भंग झाला म्हणून स्वतः हातोडा उचलण्याची मुभा कोणालाच मिळत नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. चौदा महिने ते कुलूप डोळ्यांसमोर असताना या कुटुंबाने तक्रार न करता भाडे दिले. त्यांनीही ती व्यवस्था मान्य केली होती, असे कोणीही म्हणू शकेल. कागद त्यांच्या बाजूने आहे आणि वर्तन मालकाच्या बाजूने. अशा स्थितीत कुलूप तोडणारा आपली बळकट बाजूही गमावून बसतो.

आता मालकाच्या येण्याजाण्याविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या २८ व्या कलमाने मालकाला भाड्याने किंवा अनुज्ञप्तीवर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क दिला आहे. मात्र त्यासाठी पूर्वसूचना द्यावी लागते आणि वेळ वाजवी असावी लागते. हे कलम पाहणीचे आहे. बंद खोलीतून लग्नाची पेटी काढून नेणे ही पाहणी नव्हे. त्या येण्याजाण्याचे नियम कराराने ठरवावे लागतात आणि करारात ते नसले तर दोघांनाही केवळ वाजवीपणाचा आधार उरतो. खोली जरी मालकाची मानली, तरी तिच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना भाडेकरूच्या दिवाणखान्यातून जावे लागते. तेथे दुसऱ्या कुटुंबाचा संसार मांडलेला असतो, कपाटात दुकानाचा गल्ला असू शकतो, घरात सून-लेक एकटी असू शकते. “माझ्याच खोलीत” हे काकांचे म्हणणे मान्य केले तरी वाट दुसऱ्याच्या घरातून आहे, याचे भान त्यांनी ठेवायला हवे होते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात मालकाने प्रवेशापूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी, असे म्हटले आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज हा आदर्श कायदा लागू होत नाही. तरीही वाजवी म्हणजे किती, याचे माप म्हणून २४ तास धरण्यास हरकत नसावी.

येथवर कायदा झाला. पण भिंतीची ओल कायद्यासाठी थांबत नाही. भगिनींना मी प्रथम एक साधी चाचणी करायला सांगितली. घरातील सर्व दिवे, पंखे, शीतकपाट, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, सारे काही बंद करावे, मुख्य खटका मात्र चालू ठेवावा आणि विजेच्या मीटरवरील लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. सारे बंद असूनही तो दिवा लुकलुकत राहिला, तर बंद खोलीत काहीतरी वीज खात आहे. त्यांनी रात्री चाचणी केली. दिवा थांबून थांबून, पण लुकलुकत होता.

ही गोष्ट ओलीपेक्षा अधिक चिंतेची होती. मी काकांना दूरध्वनी करण्यापूर्वी भगिनींना एक पत्र लिहून पाठवायला सांगितले, कारण दूरध्वनीवरील बोलणे विरून जाते. पत्राचा मजकूर असा होता : “आदरणीय काका, सादर प्रणाम. बंद खोलीला लागून असलेल्या भिंतीवर सुमारे चार फूट उंचीपर्यंत ओल आली असून छायाचित्रे सोबत आहेत. घरातील सर्व उपकरणे बंद करूनही मीटर चालू राहतो, त्यावरून त्या खोलीत एखादे उपकरण चालू असावे असे वाटते. आपल्या सामानास आणि आमच्या कुटुंबास दोहोंस यापासून धोका आहे. कृपया सात दिवसांत स्वतः येऊन अथवा आपला विश्वासू माणूस पाठवून, आमच्या उपस्थितीत खोली उघडावी. आम्ही कुलपास हात लावलेला नाही व लावणार नाही.” हे पत्र टपालाने पोच मिळेल अशा रीतीने आणि भ्रमणध्वनीवर, असे दोन्ही मार्गांनी गेले. शेवटचे वाक्य मी मुद्दाम घालायला सांगितले होते. वृद्ध माणसाला नुकसानीपेक्षा अविश्वासाची भीती अधिक वाटते आणि ती भीती आधी दूर केली तर पुढचे बोलणे सोपे जाते.

पाचव्या दिवशी काका आपल्या पुतण्याला घेऊन आले. खोली उघडली तेव्हा वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातील गळती छतातून उतरून कोपऱ्यातील कपाटामागे झिरपत असल्याचे दिसले. दोन खतावण्या आणि एका पेटीतील शालू बुरशीने गेले होते. कपाटाच्या शेजारी घरातील जुना इन्व्हर्टर बॅटरीसह चालू स्थितीत होता. काका स्वतः राहत असताना बसवलेला, आणि मग विसरून गेलेला. आम्ल व पाण्याच्या बॅटरीत ठरावीक महिन्यांनी शुद्ध पाणी घालावे लागते. ते घातले नाही तर आतील पट्ट्या उघड्या पडतात आणि बॅटरी तापते. शिवाय प्रभारण होताना अशा बॅटरीतून थोडा हायड्रोजन वायू बाहेर पडतो. खिडक्या बंद असलेल्या, कागद आणि कापडाने भरलेल्या, ओल उतरलेल्या खोलीत हा प्रकार चौदा महिने चालू होता. काका काही क्षण स्तब्ध झाले आणि मग म्हणाले, “ताई, तुम्ही कुलूप तोडले असते तर मी रागावलो असतो. पण तुम्ही पत्र लिहिले नसते तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.”

एवढी वेळ येऊनही कुलूप तोडायचे नाही काय, असा प्रश्न येथे साहजिक आहे. मालक आलेच नसते आणि खोलीतून धूर किंवा जळका वास आला असता, तर? अशा प्रसंगी प्रथम मुख्य खटका बंद करावा, अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे आणि दार उघडण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे. पाणी भळभळा वाहत असेल तर इमारतीची टाकी किंवा त्या नळवाहिनीची झडप बंद करता येते. या दोन्हींत दार उघडणे अटळच ठरले, तर बँकेतील लॉकर फोडण्याची पद्धत अनुसरावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या लॉकरविषयक सूचनांनुसार असा लॉकर बँकेचा अधिकारी व दोन त्रयस्थ साक्षीदार यांच्यासमक्ष उघडावा लागतो, वस्तूंची यादी करावी लागते आणि साऱ्या क्रियेचे चित्रीकरण करावे लागते. घरातही तेच करावे. मालकाला दूरध्वनी करावा आणि उत्तर न मिळाल्यास संदेश पाठवून त्याची नोंद ठेवावी. सोसायटीचा एक पदाधिकारी आणि एक शेजारी यांना बोलवावे. चित्रीकरण सुरू करूनच कुलूप काढावे, धोका दूर करण्यापुरतेच आत जावे, कोणतीही पेटी उघडू नये. नवे कुलूप लावून त्याच्या सर्व किल्ल्या पाकिटात घालाव्यात, पाकिटावर तिघांच्या सह्या घ्याव्यात आणि ते सोसायटीच्या सचिवांकडे ठेवावे. मालकाला त्याच दिवशी लेखी कळवावे. ही सारी खटपट वाटेल, पण उद्या कोणी बोट दाखवले तर हीच खटपट आपली ढाल होते.

राहिला भाड्याचा प्रश्न. भगिनींचे म्हणणे असे की, खोली १२ फूट लांब व ९ फूट रुंद, म्हणजे १०८ चौरस फूट आहे. ९०० चौरस फुटांच्या हे बरोबर १२ टक्के होतात. भाडे दरमहा २५,००० रुपये. म्हणजे दरमहा ३,००० रुपये त्यांनी न वापरलेल्या खोलीचे दिले आणि चौदा महिन्यांचे ४२,००० रुपये परत मिळावेत. गणित चोख आहे, परंतु न्याय इतका सरळ नाही. कुलूप पाहूनच त्यांनी भाडे कबूल केले होते, म्हणजे त्या भाड्यात कुलपाचा विचार झालेला होता असे मालक म्हणू शकतात. शिवाय घराचे भाडे चौरस फुटांवर समप्रमाणात ठरत नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दिवाणखाना, वाहनतळ यांचा वापर पूर्ण आहे. त्याहून योग्य माप वेगळे आहे. त्याच इमारतीत दोन शयनगृहांची सदनिका कितीला जाते ते पाहावे. चौकशीअंती ती २२,५०० रुपयांना जाते असे कळले. म्हणजे खऱ्या अर्थाने अधिक जाणारी रक्कम दरमहा २,५०० रुपयांहून जास्त नव्हती. मागील रकमेचा आग्रह सोडून पुढील काळाचा विचार करा, असा सल्ला मी दिला. तोडगा असा निघाला की, उरलेले आठ महिने भाडे २३,००० रुपये राहील, भिंतीची दुरुस्ती व रंग काका करून देतील आणि गळतीसाठी वरच्या सदनिकाधारकाशी सोसायटीमार्फत काकाच बोलतील, कारण सोसायटीचे सभासद ते आहेत.

या काळात भगिनींचे यजमान एकदा म्हणाले होते, “खोली उघडेपर्यंत भाडे रोखून धरतो.” मी त्यांना परावृत्त केले. भाडे थकले की भाडेकरू स्वतःच करारभंग करणारा ठरतो. तसेच मुदत संपल्यावरही “आधी आमचा हिशेब करा” म्हणून जागा अडवून बसणे फार महागात पडते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या २४ व्या कलमानुसार मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने रक्कम द्यावी लागते. तडजोड मुळीच झाली नसती तर मार्ग दोन होते. करारातील सूचना देऊन घर सोडणे किंवा वकिलामार्फत नोटीस पाठवून न्यायालयात जाणे. पुण्या-मुंबईत असे वाद बहुधा लघुवाद न्यायालयापुढे जातात. आठ महिने उरलेले असता पहिला मार्गच शहाणपणाचा ठरला असता. पण सूचना देण्यापूर्वी करारात ठरावीक महिने घर सोडता येणार नाही अशी अट आहे का, तेही पाहून घ्यावे लागते.

तोडगा कागदावर कसा आणावा, हाही प्रश्न होता. नोंदणीकृत करारातील बदल नोंदणीकृत दस्तानेच व्हावा, हा काटेकोर नियम. म्हणून दुय्यम निबंधकाकडे दुरुस्ती दस्त नोंदवून परिशिष्ट व भाडे सुधारून घेतले. त्यात बंद खोलीविषयी जे कलम घातले, ते वाचकांना उपयोगी पडेल म्हणून देतो :

“सदर सदनिकेतील वायव्येकडील शयनगृह, आकार १२ फूट × ९ फूट, या अनुज्ञप्तीतून वगळण्यात आले असून ते मालकाच्या ताब्यात राहील. त्याची किल्ली केवळ मालकाकडे राहील. मालक अथवा त्यांनी लेखी नेमलेली व्यक्ती किमान २४ तास आधी संदेश देऊन, सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेत, अनुज्ञप्तीधारकाच्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीच्या उपस्थितीत, महिन्यातून एकदा प्रवेश करू शकेल. सदर खोलीत रोकड, दागिने, व्यापारी माल, ज्वालाग्राही पदार्थ अथवा वायूची टाकी ठेवली जाणार नाही व तिचा वीजपुरवठा स्वतंत्र खटक्याने बंद ठेवला जाईल. आतील वस्तूंची जोखीम मालकाची राहील. मालकाने वर्षातून किमान दोनदा, त्यांपैकी एकदा पावसाळ्यापूर्वी, खोली उघडून तपासावी. आग, गळती अथवा तत्सम आणीबाणीत मालकाशी संपर्क न झाल्यास दोन साक्षीदारांसमक्ष व चित्रीकरण करून खोली उघडता येईल.”

मुख्य दाराची दुसरी किल्ली काकांनी आपण होऊन परत केली. ती बंद पाकिटात सोसायटीच्या कार्यालयात ठेवली आहे.

शेवटी, सदनिका भाड्याने देणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. एक खोली राखून ठेवण्यात गैर काही नाही, पण ती करारात न लिहिणे हे आपल्याच मिळकतीशी केलेले दुर्लक्ष आहे. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल आणि अटींविषयी वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. म्हणजे नोंदणीचा खर्च वाचवणारा मालक आपल्याच बंद खोलीचा पुरावा गमावतो. व्यापाऱ्यांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. अशा खोलीत विक्रीचा माल ठेवला, तर ती जागा केवळ घराची खोली राहत नाही. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत ती मालसाठ्याची जागा म्हणून दाखवणे आवश्यक ठरते आणि निवासी इमारतीत त्याला सोसायटीची हरकत येऊ शकते. हिशेबाच्या वह्याही तेथे ठेवू नयेत. त्या कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात आणि बुरशी लागलेली खतावणी अधिकाऱ्यापुढे ठेवण्याची वेळ कोणावर येऊ नये.

भगिनींचे दुसरे पत्र गेल्या आठवड्यात आले. भिंत कोरडी झाली आहे. काका दिवाळीला आले ते आदल्या दिवशी संदेश देऊन, दारावरील घंटा वाजवून. त्यांनी खोलीतील दोन पेट्या गावी नेल्या आणि जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी उरलेलेही नेतो, खोली तुम्हीच वापरा. त्या वेळी परिशिष्ट पुन्हा बदलायला विसरू नका, एवढेच मी त्यांना कळवले आहे.